नळाची वेळ बदलली, भुकेची नाही

प्रश्न : माझे वय ४१ आहे. गेल्या आठ महिन्यांपासून रोज रात्री दोन-अडीचला जाग येते आणि पोटात आग पडल्यासारखी भूक लागते. शेंगदाणे-गूळ, उरलेली भाकरी, मुलांची बिस्किटे, जे हाताला लागेल ते खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप येत नाही. सकाळी मात्र चहाशिवाय काही जात नाही. सासूबाई म्हणतात, पोटात जंत झालेत. मागच्या उन्हाळ्यात नळाला रात्री दोनला पाणी यायचे, तेव्हापासून उठायची सवय आहे. आता पाणी संध्याकाळी येते, तरी जाग येतेच. दुपारी जेवायला दोन वाजतात, रात्री सगळ्यांचे झाल्यावर साडेदहाला जेवते आणि सव्वाअकराला झोपते. सोमवारी आणि गुरुवारी उपवास असतो. वजन पाच किलोंनी वाढले आहे. शुगर आणि थायरॉईड सहा महिन्यांपूर्वी तपासले, दोन्ही ठीक आहेत. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून गोळी घेते. हे कशामुळे होते?
— एक वाचक भगिनी, परभणी जिल्हा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जाता जाता लिहिलेले नळाचे वाक्य मला सगळ्या पत्रात सर्वांत महत्त्वाचे वाटले. आपल्याकडे पाण्याची पाळी ज्या वेळेला येते त्या वेळेला घरातली बाई उठते, मोटार लावते, हंडे-टाक्या भरून होईपर्यंत तास-दीड तास दिव्याच्या उजेडात वावरते आणि रिकाम्या हाताने बसवत नाही म्हणून डब्यातले काहीतरी तोंडात टाकते. दोन-तीन महिने हे रोज झाले, की शरीर ते जेवणाची एक ठरलेली वेळ म्हणून लक्षात ठेवते. नगरपालिकेने वेळ बदलली, पण तुमच्या पोटाला ते कोणी कळवले नाही. जंतांचे म्हणाल, तर काही जंतांमुळे रात्री गुदद्वाराशी खाज सुटून झोपमोड होते. परंतु घड्याळ लावल्यासारखी अडीचलाच कडकडून भूक लागणे हे जंतांचे लक्षण नव्हे. सासूबाईंच्या समाधानासाठी जंतांचे औषध डॉक्टरांना विचारून घ्यायला हरकत नाही, मात्र त्याने ही भूक जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

भुकेने जाग येते की जाग आल्यावर भूक लागते, हे आधी वेगळे करावे लागते. झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी ती खोल जाते आणि पुन्हा वर येते. दोन फेऱ्यांच्या सांध्यावर प्रत्येक माणूस क्षणभर जागेपणाच्या काठावर येतो, कूस बदलतो आणि सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. सव्वाअकराला झोपणाऱ्या माणसाच्या पहिल्या दोन फेऱ्या सव्वादोनच्या सुमारास संपतात, खोल झोपेचा मोठा वाटा तोवर होऊन गेलेला असतो आणि पुढची झोप हलकी असते. म्हणजे तुम्हाला जाग येते ती वेळ मुळातच झोपेतली कच्ची जागा आहे. एरवी तुम्ही कूस बदलून झोपला असता, पण नळाने त्या जागेवर उठायला शिकवले आणि उठल्यावर खायलाही शिकवले. त्यामुळे तुमच्या बाबतीत जाग आधी आणि भूक मागाहून, असे मला वाटते. तरी याची खात्री तुम्हीच करायची आहे, ती कशी ते पुढे सांगते.

रात्री आठ-दहा तास न खाता शरीर सुखाने झोपते, कारण त्याची तशी सोय असते. यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम साखर साठवणीच्या रूपात असते आणि रात्रभर ती थोडी थोडी रक्तात सोडली जाते. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, स्रवते; ते मेंदूला साठा पुरेसा आहे असे कळवते आणि रात्री त्याचे प्रमाण दिवसापेक्षा वाढते. याच्या उलट काम घ्रेलिनचे. जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधलेले हे संप्रेरक प्रामुख्याने जठरातून स्रवते आणि भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेते. रात्रीच्या पूर्वार्धात घ्रेलिनही वाढते, नवल वाटावे अशी ही गोष्ट आहे. परंतु झोप लागलेली असली आणि लेप्टिन चढे असले की तो निरोप पोहोचूनही कोणी दार उघडत नाही, आणि पहाटेपर्यंत काही न खाताच घ्रेलिन आपोआप उतरते. तुम्ही मात्र नेमक्या त्या सुमाराला जाग्या असता.

घ्रेलिनचा आणखी एक गुण तुमच्या कामाचा आहे. ते केवळ पोट रिकामे झाले म्हणून वाढत नाही, तर रोज ज्या वेळेला जेवण मिळते त्या वेळेच्या थोडे आधी वाढायला शिकते. शाळेत असताना मधल्या सुट्टीच्या घंटेआधी पोटात कावळे ओरडायचे, ते याच कारणाने. सुट्टीत मात्र त्याच वेळेला खेळताना भुकेची आठवणही होत नसे. रात्री अडीचला आठ महिने रोज शेंगदाणे-गूळ मिळाला, तर अडीचची घंटा जठरात बसणारच. ही भूक खोटी नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा बायकांना घरात अधाशी म्हटले जाते आणि त्या मग अंधारात, डब्याचा आवाज न होऊ देता खातात. संप्रेरक खरेच वाढलेले असते. फक्त ते गरजेने वाढले नसून सवयीने वाढलेले असते.

आता तुमच्या दिवसाचा हिशेब मांडू. तुम्ही प्रमाण लिहिलेले नाही, म्हणून आपल्याकडच्या घरात असते तसे धरते. साखरेचे तीन चहा मिळून २१० उष्मांक झाले. दुपारी दोनला एक ज्वारीची भाकरी आणि भाजी, ३००. रात्री साडेदहाला दोन भाकरी, भाजी, वरण-भात असे ७८०. मग अडीचला मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्याचे १७०, गुळाच्या लहान खड्याचे ७५, अर्ध्या भाकरीचे ९५ आणि चार बिस्किटांचे १००, असे ४४०. एकूण १,७३०. यातले रात्री साडेदहापर्यंत तुमच्या पोटात केवळ ५१० गेलेले असतात. बाकीचे १,२२०, म्हणजे शंभरातले सत्तर, त्यानंतर. एका किलो चरबीला ढोबळमानाने ७,७०० उष्मांक लागतात, त्यामुळे आठ महिन्यांत पाच किलो वाढायला रोजचे १६० जास्त झाले तरी पुरे, आणि तेवढे तर त्या मूठभर शेंगदाण्यांतच आहेत. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दिवस कसा कलंडला आहे ते यातून दिसते. दिवसभर शरीराची उधारी ठेवली की ते रात्री वसुलीला येते.

सकाळी काही जात नाही, हे याच साखळीतले पुढचे कडे आहे. पहाटे तीनला ४४० उष्मांक पोटात गेले, त्यातही शेंगदाण्यासारखे तेलकट आणि सावकाश पचणारे, तर सात-आठला भूक लागण्याचे कारणच उरत नाही. भूक नाही म्हणून नाश्ता नाही, नाश्ता नाही म्हणून दिवस रिकामा, दिवस रिकामा म्हणून रात्र भुकेची. त्यातच झोप तुटते. शिकागो येथे बारा निरोगी तरुणांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांना दोन रात्री केवळ चार-चार तास अंथरुणात राहू दिले, तेव्हा लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले, भूक वाढली आणि ओढ मुख्यतः गोड, खारट व पिठूळ पदार्थांकडे गेली. प्रयोग लहान होता आणि फक्त पुरुषांवर होता, हे लक्षात ठेवूनही रात्री हात गुळाकडे आणि बिस्किटांकडेच का जातो, बाजूच्या वाटीतल्या काकडीकडे का जात नाही, याचे निदान एक कारण त्यातून कळते. शिवाय रात्री शरीर साखर हाताळण्यात मंद असते. सकाळी खाल्लेल्या गुळापेक्षा तोच खडा अडीचला रक्तातली साखर जास्त चढवतो.

उपाय सांगण्याआधी मला एका गोष्टीवर थांबावे लागेल. तुम्ही ‘पोटात आग पडल्यासारखी’ असे लिहिले आहे आणि गुडघ्यांच्या गोळीचाही उल्लेख केला आहे. ही दोन वाक्ये एकत्र वाचली की कोणत्याही डॉक्टरच्या मनात आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला अल्सर येतो. त्याचे दुखणे बरगड्यांच्या मधोमध खाली, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी जळजळल्यासारखे किंवा कुरतडल्यासारखे असते. पोट रिकामे असताना आणि मध्यरात्रीनंतर ते माणसाला उठवते आणि काही खाल्ले की थोड्या वेळात शमते. खाल्ल्याने थांबते म्हणून माणूस त्याला भूक म्हणतो. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. दुसरे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. तो शोधून काढणारे ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळाले, कारण त्या शोधानंतर हा आजार पथ्यावर न रेटता औषधांच्या कोर्सने बरा होऊ लागला. तेव्हा पुढच्या वेळी जाग आली, की डब्याकडे जाण्याआधी हात पोटावर ठेवून पाहा. एका जागी दुखते आहे, की पोट नुसते खाली गेल्यासारखे वाटते आहे? दुखत असेल, तर पुढचे काही करण्याआधी डॉक्टरांकडे जा आणि गुडघ्यांच्या गोळीचे पाकीट सोबत न्या. शौच डांबरासारखी काळी होत असेल, उलटीत रक्त दिसले किंवा चक्कर येत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

तुमची शुगर ठीक आहे, त्यामुळे हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. पण हे सदर घरातली थोरली माणसेही वाचतात. मधुमेहाची काही औषधे, विशेषतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या, रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतात. लातूरकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. संध्याकाळची गोळी वेळेवर घ्यायचे आणि शेतावरून यायला उशीर झाला की न जेवता झोपायचे. रात्री उठत, तेव्हा बनियन घामाने पिळून काढण्यासारखे, हाताला कंप आणि छातीत धडधड. मुलाने घरच्या यंत्रावर तपासले तेव्हा साखर ५८ निघाली. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडून गोळीची मात्रा व वेळ ठरवून घ्यावी. अशा माणसाला ‘रात्रीचे खाणे सोडा’ असा सल्ला देणे धोक्याचे आहे. घाम, कंप आणि धडधड यांच्याशिवाय आलेली भूक सहसा या प्रकारची नसते.

दुखणे नसेल, तर सुरुवात सकाळपासून करा, रात्रीपासून नव्हे. बहुतेक जण उलटे करतात. आज रात्रीपासून डब्याला हात लावायचा नाही असा निश्चय करतात, अडीचपासून पाचपर्यंत छताकडे पाहत पडून राहतात आणि तिसऱ्या रात्री दुप्पट खातात. पहिला आठवडा रात्रीचे खाणे आहे तसेच चालू द्या. त्याऐवजी सकाळी साडेआठच्या आत, भूक असो वा नसो, थोडेसे खा. अर्धे धपाटे आणि चार चमचे दही, किंवा मोड आलेली मटकी वाटीभर, एवढ्यावर भागते. पहिले चार-पाच दिवस घास घशात फिरेल, हे गृहीत धरा. दुपारचे जेवण एकच्या आत आणा आणि त्यात दुसरी भाकरी व वाटीभर घट्ट वरण वाढवा. प्रथिने असलेल्या जेवणाने घ्रेलिन जास्त वेळ दबून राहते. संध्याकाळी साडेपाचच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे खा. रात्रीचे शेंगदाणे रद्द न करता दिवसाकडे सरकवायचे, असा हा व्यवहार आहे.

रात्री साडेदहाचे जेवण साडेआठ-नऊला आणणे हा यातला सर्वांत अवघड भाग, आणि तो आहारशास्त्राचा नाही. सगळ्यांना गरम भाकरी वाढून झाल्यावर, उरलेले घेऊन शेवटी बसायचे ही पद्धत तुमच्या एकटीच्या घरातली नाही. मुलांच्या पंगतीलाच तुमचे ताट वाढून घ्या. नंतर येणाऱ्यांची भाकरी टोपल्यात फडक्याखाली राहते आणि दोन दिवस कुणी कुरकुरले तर कुरकुरू द्या. ते जमतच नसेल, तर निदान एक भाकरी आणि आमटी आठला खाऊन घ्या आणि साडेदहाला थोडेसेच खा.

दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीकडे वळा. झोपण्यापूर्वी एका लहान वाटीत फुटाणे किंवा अर्धी भाकरी काढून झाकून ठेवा, गूळ आणि बिस्किटे मात्र स्वयंपाकघरात डोळ्याआड जाऊ द्या. जाग आली की ट्यूबलाइट लावू नका, मोबाइल पाहू नका. तेज उजेडाने झोपेला साथ देणारे मेलाटोनिन दबते आणि शरीराला पुन्हा नळाचीच रात्र वाटते. दोन घोट पाणी पिऊन वीस मिनिटे पडून राहा. सवयीची भूक लाटेसारखी असते, चढते आणि बहुधा ओसरते. वीस मिनिटांनंतरही ती तशीच असली किंवा वाढली, तर वाटीतले बसून, सावकाश खा आणि झोपा. वाटी दर चार दिवसांनी थोडी कमी भरा. उशाशी एक कागद ठेवून जाग आल्याची वेळ, दुखणे होते का, घाम होता का, वीस मिनिटांत भूक ओसरली की टिकली, एवढेच चार शब्दांत लिहा. याच कागदावरून तुम्हाला कळेल की भूक तुम्हाला उठवते आहे की जाग तिला. ज्या रात्री ओसरली ती जाग आल्यामुळे लागलेली भूक. ज्या रात्री टिकली, त्या दिवशी दुपारी काय खाल्ले होते ते पाहा.

माझा अंदाज आहे की टिकलेल्या भुकेच्या रात्री सोमवारी आणि गुरुवारी जास्त निघतील. उपवास सोडा असे मी म्हणणार नाही, पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याची खिचडी पोट जड करते आणि काही तासांत पुन्हा भूक आणते. त्या दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही असे दुपारी एकला घ्या, संध्याकाळी दूध किंवा ताक, आणि उपवास सोडण्याचे जेवण रात्री साडेआठपर्यंत होऊ द्या.

तीन ते चार आठवड्यांत जाग येणे कमी झाले नाही तरी खाणे कमी व्हायला हवे. सहसा आधी खाणे सुटते आणि जाग त्यानंतर हळूहळू सुटते. तसे झाले नाही, तर ‘नाइट ईटिंग सिंड्रोम’ या विकाराचा विचार करावा लागतो. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले : सकाळी अन्नाची इच्छा नाही, संध्याकाळनंतर खाणे वाढते आणि झोप लागत नाही. आज त्याची खूण म्हणून दिवसाच्या अन्नातला चौथा हिस्सा किंवा अधिक रात्रीच्या जेवणानंतर खाल्ला जाणे, अथवा आठवड्यातून किमान दोनदा झोपेतून उठून खाणे, आणि ते सारे खाणाऱ्याच्या लक्षात असणे, हे पाहतात. मघाच्या हिशेबात तुमचे ४४० बरोबर चौथ्या हिश्शावर येतात, म्हणून तुम्ही काठावर आहात. मात्र खुणा जुळल्या म्हणजे विकार ठरला असे नाही. संध्याकाळ झाली की मन उदास होते का, खाल्ल्याशिवाय झोप लागणारच नाही अशी मनाची खात्री झाली आहे का, या त्रासाने दिवसाची कामे अडतात का, हे तज्ज्ञ विचारतात. उत्तरे ‘हो’ असतील, तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात दाखवा. यावर समुपदेशनाचा आणि काहींना औषधाचाही उपयोग होतो. एखाद्या सकाळी मात्र डबे उघडे दिसले आणि रात्री खाल्ल्याचे काहीच आठवले नाही, तर तो प्रकार निराळा आहे. झोपेच्या काही गोळ्यांनीही तो होतो, तेव्हा तशी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उन्हाळ्यात पाण्याची पाळी पुन्हा रात्रीवर गेली, तर घरात आळीपाळी लावून घ्या. उठावेच लागले, तर मोटार बंद करून सरळ अंथरुणाकडे जा, वाटेत स्वयंपाकघरात शिरू नका.